लांब कॉम्बो, कमी डॅमेज

> मी हल्ल्यांची साखळी लांबवली, तरी शेवटच्या सुपरने एवढंसंच रक्त का गेलं?

सुपर कितव्या नंबरावर बसला ते मोजा. ‘स्ट्रीट फायटर ४’ या फायटिंग गेममध्ये पहिले दोन हल्ले पूर्ण लागतात, तिसरा ८० टक्के, मग ७०, ६० असं उतरत जातं. हिशेबासाठी लाइट पंच ३०, हेवी ८०, स्पेशल १३० आणि सुपर ३५० धरा. तीन लाइट, स्पेशल, सुपर: ३०+३०+२४+९१+२१०, म्हणजे ३८५. हेवी, स्पेशल, सुपर: ८०+१३०+२८०, म्हणजे ४९०. दोन हल्ले कमी, तरी शंभराहून जास्त फायदा!

कॅन्सल, म्हणजे एक हल्ला मधेच तोडून पुढचा सुरू करणं, या हिशेबात काही बदलत नाही. तो फक्त हात मागे घेण्याच्या फ्रेम्स कापतो, म्हणून समोरचा सावरायच्या आत स्पेशल लागतो. स्क्रीनवरचा कॉम्बो-काउंटर मधेच पुन्हा १ वर आला, तर समजा कॅन्सल उशिरा झाला आणि समोरच्याला ब्लॉक करायला फट मिळाली.

लाइट पंच वाया जात नाहीत बरं का. पहिला लागला की ब्लॉक झाला हे बघायला वेळ मिळतो; ब्लॉक झाला तर सुपर वाचवता येतो. पण प्रतिस्पर्ध्याची मोठी चूक समोर दिसत असेल, तर थेट हेवीनेच सुरुवात करा.