मदत हवी आहे: संदर्भसूचीत जुने अनुस्वार ठेवायचे का?

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची. लेकीच्या एम.ए.च्या प्रबंधाची संदर्भसूची एकेक नोंद घेऊन तपासतेय. 'राजवाडे, वि.का.' आणि 'राजवाडे, वि. का.' यांत फरक एका मोकळ्या जागेचा, पण एक्सेलने दोन वेगळे लेखक धरले आणि वर्षांचा क्रम मोडला. ते सुधारलं. आता अडलंय शीर्षकांपाशी. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांच्या नावांत 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार आहेत. लेकीने निम्म्या ठिकाणी ते काढून टाकलेत. मला वाटतं, पुस्तकाच्या शीर्षकपानावर छापलंय तसंच ठेवावं, नाहीतर शोधणाऱ्याला ते पुस्तक वेगळंच वाटेल. पण मग अकारविल्हे लावताना 'कांहीं' अनुस्वार धरून घ्यायचं की सोडून? ज्यांनी मराठीत प्रबंध दिलाय त्यांनी कृपया सांगा.