शेऱ्यातला प्रश्न

> नापासाच्या काठावरच्या निबंधावर शेरा काय लिहायचा? 'सुधारणा आवश्यक' लिहून लिहून कंटाळा आला.

मी लातूरकडच्या एका कॉलेजात यंदाच शिकवायला लागले. परवा माहेरी, अंबाजोगाईला, ट्रंकेत माझाच बीएचा निबंध सापडला. विषय १९७२ चा दुष्काळ, गुण २० पैकी ७. तेव्हा ७ बघून रडले आणि वही मिटली होती. आता समासातलं लाल शाईतलं वाचलं. 'लोकांचे अतोनात हाल झाले' यापुढे 'कुणाचे?' आणि 'शासनाने उपाययोजना केल्या' यापुढे 'कोणत्या?' असं लिहिलेलं. तिसऱ्या पानावर मी सहज लिहून गेले होते, की आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि तिथे मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी आणायची. त्याखाली दुहेरी रेघ, आणि शेरा: 'इथून सुरू कर.'

बाईंनी चूक नुसती दाखवली नव्हती, पुढचं वाक्य कुठून काढायचं तेही सांगितलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक निबंधात आधी असं एक जिवंत वाक्य शोधते, त्याखाली रेघ मारते आणि जास्तीत जास्त दोन प्रश्न लिहिते. गुण मात्र आता वेगळ्या कागदावर, दुसऱ्या दिवशी देते. आकडा आधी दिसला की पोरं समास वाचत नाहीत. मीही वाचला नव्हता.