मदत हवी आहे: हॅम्परच्या डब्यांची बेरीज कर्मचाऱ्यांच्या संख्येशी जुळत नाही

टेबलखुर्ची
सणानिमित्त कर्मचाऱ्यांना द्यायच्या हॅम्परचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. खाऊच्या डब्याचे तीन प्रकार ठेवले असून प्रत्येकाची पसंती फॉर्मवर भरून घेतली होती. नेहमीचा डबा २४६, साखरविरहित ४३ आणि सुकामेवाविरहित २५ अशी बेरीज ३१४ होते, कर्मचारी मात्र ३१२ आहेत. यादीत कोणाचेही नाव दोनदा आलेले नाही. पुरवठादाराला उद्या दुपारपर्यंत मागणी पक्की कळवायची आहे. दोन डबे जास्त मागवून मोकळे व्हावे का? कृपया लवकर सांगावे.

सहजच
आमच्या कार्यालयात हॅम्परची प्रथाच बंद करून सर्वांना खरेदीची कूपने देण्यात आली. ज्याला जे हवे ते तो घेतो, त्यामुळे डबे मोजण्याचा प्रश्नच उरला नाही. आपणही वरिष्ठांपुढे हा पर्याय ठेवून पाहावा.

टेबलखुर्ची
हॅम्पर द्यायचे हे ठरलेले आहे. माझा प्रश्न बेरजेचा आहे.

गोदामवाला
उत्तर देण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. फॉर्मवर एकच पर्याय निवडता येत होता की एकाहून अधिक? डबे सुटे मिळतात की पूर्ण खोकाच घ्यावा लागतो? आणि सर्व पेट्या कार्यालयातच वाटायच्या आहेत की काही बाहेर पाठवायच्या आहेत?

टेबलखुर्ची
एकाहून अधिक पर्याय निवडता येत होते. डबे १२ च्या खोक्यातच येतात. ५८ जण घरून काम करतात, त्यांच्या पेट्या कुरियरने जातील आणि त्यांत मगाऐवजी स्टीलची बाटली असेल. इतरांच्या पेटीतले मग २४ च्या खोक्यात येतात. याचा बेरजेशी संबंध काय, ते कळले नाही.

गोदामवाला
संबंध पहिल्याच उत्तरात आहे. अनेक पर्यायांवर खूण करता येत असेल, तर फॉर्म त्या माणसाची सर्व उत्तरे एकाच रकान्यात बहुधा स्वल्पविराम देऊन लिहितो. आपण प्रत्येक प्रकार शब्द शोधून मोजला असणार, त्यामुळे दोन्ही खुणा केलेला माणूस साखरविरहितमध्येही धरला गेला आणि सुकामेवाविरहितमध्येही. पसंती D रकान्यात असेल आणि पर्यायांच्या नावांतच स्वल्पविराम नसेल, तर हे सूत्र वापरून पाहा:

```
=COUNTIF(D2:D313,"*,*")
```

उत्तर २ आले, तर जास्तीचे दोन डबे मागवून काहीही साधणार नाही. त्या दोघांना साखर आणि सुकामेवा दोन्ही नको आहेत आणि तसा डबा आपल्या मागणीत एकही नाही.

टेबलखुर्ची
२ च आले. म्हणजे निव्वळ साखरविरहित ४१, निव्वळ सुकामेवाविरहित २३, दोन्ही नको असलेले २ आणि नेहमीचे २४६. आता बेरीज ३१२ होते. डबे आणि मग मिळून सरसकट दहा टक्के जास्त मागवू का?

तराजू
दहा टक्के हा सुरक्षित आकडा आहे. आम्ही नेहमी तेवढेच मागवतो आणि आजवर काही कमी पडलेले नाही.

गोदामवाला
कमी पडले नसेल, पण उरले किती? जादा माल वस्तूनुसार ठरवावा. मग फुटतात, म्हणून २५४ मगांसाठी ११ खोके घ्या. २६४ होतील आणि दहा हाताशी राहतील. नेहमीच्या डब्यांचे २१ खोके म्हणजे २५२, त्यातले सहा यादी बंद झाल्यावर रुजू होणाऱ्यांच्या कामी येतील. साखरविरहितचे चार खोके घेतले की ४८ मिळतात आणि सात उरतात. सुकामेवाविरहितचे दोन खोके म्हणजे २४, एकच शिल्लक. केवळ दहा टक्क्यांचा नियम पाळण्यासाठी तिसरा खोका घेतला, तर आणखी बारा डबे पडून राहतील.

तराजू
मग त्या दोघांना उरलेल्या सात साखरविरहित डब्यांतलेच दोन द्यावेत. साखर टळली, हिशेबही मिटला.

मंजिरी_का
कृपया असे करू नका. माझ्या मुलीला सुकामेव्याची ॲलर्जी आहे, म्हणून डब्यामागचा बारीक मजकूर वाचण्याची मला सवय आहे. साखर काढलेल्या पदार्थांत चव आणि भरीवपणा यावा म्हणून अनेकदा सुकामेवाच अधिक घातलेला असतो. घटकांच्या यादीत तो नसला, तरी त्याच यंत्रावर सुकामेव्याचे पदार्थ तयार होतात अशी सूचना खाली छापलेली असू शकते. पुरवठादाराकडून डब्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागवा. शिवाय पेटीच्या बाहेरील लेबलवर 'साखरविरहित' असे लिहू नका. आपला आहार शेजारच्या टेबलावर कळावा, असे प्रत्येकाला वाटत नसते.

टेबलखुर्ची
छायाचित्र मागवले आहे. लेबलवर लिहायचे नाही, तर भरणाऱ्याला कसे कळणार? भरायला आम्ही सहा जण आहोत आणि कोणालाही याचा सराव नाही.

गोदामवाला
नावाखाली दोन अक्षरी खूण छापा. पहिले अक्षर डब्याचे, दुसरे मग किंवा बाटलीचे. खुणांचा अर्थ सांगणारा कागद फक्त भरण्याच्या टेबलावर असावा. लेबले खुणेनुसार क्रमाने लावूनच छापा आणि पेटी भरण्याआधी चिकटवा. भरून बंद केलेल्या पेट्या बाहेरून सारख्याच दिसतात.

डायरी आणि शुभेच्छापत्र सर्वांना समान आहे, तेव्हा ते आधी सर्व पेट्यांत घालून घ्या. त्यानंतर लहान गटापासून सुरुवात करा: आधी २३, मग ४१ आणि शेवटी २४६. प्रत्येक गटाच्या वेळी टेबलावर त्याच प्रकारचे डबे असावेत आणि तेही मोजून नेमके तेवढेच. शिलकीचे डबे दुसऱ्या खोलीत ठेवा. २३ पेट्या झाल्यावर टेबलावर एक डबा उरला, तर कुठली तरी पेटी रिकामी राहिली आहे, आणि ती शोधायला २३ च पेट्या उघडाव्या लागतील. झाकणे गट संपेपर्यंत चिकटवू नका.

तराजू
एवढा खटाटोप कशाला? भरलेली प्रत्येक पेटी वजनकाट्यावर ठेवली की काही राहिले असल्यास लगेच कळते. आम्ही गेली कित्येक वर्षे हेच करतो.

गोदामवाला
डबाच राहिला तर काट्यावर कळेल, हे खरे. पण तिन्ही डबे सारख्याच वजनाचे असतील, तर अदलाबदल झालेली काटा दाखवणार नाही, आणि इथे भीती अदलाबदलीचीच आहे. शुभेच्छापत्र राहिले, तर एवढासा फरक मगांच्या वजनातल्या कमी-अधिकात बुडून जाईल. कुरियरच्या ५८ पेट्यांचे वजन तसेही करावे लागेल. मात्र त्यांची लांबी, रुंदी आणि उंचीही मोजून ठेवा. सेंटीमीटरमधील तिन्हींचा गुणाकार भागिले ५००० हा आकडा किलोतील वजनापेक्षा मोठा आला, तर बऱ्याच कुरियर कंपन्या त्यावरच आकारणी करतात.

सहजच
पेटीत सुगंधी मेणबत्तीही घातली, तर सणाचे वातावरण येईल.

मंजिरी_का
खाऊच्या पेटीत मुळीच नको. बंद पेटीत तो वास दोन दिवसांत खाऊला लागतो.

टेबलखुर्ची
पुरवठादाराचे छायाचित्र आले. साखरविरहित डब्यात बदाम आहेतच. नेहमीचे २१, साखरविरहित ४ आणि सुकामेवाविरहित २ असे खोके कळवून टाकले. त्या दोघांच्या पेटीत खाऊऐवजी काय ठेवावे, हे त्यांनाच विचारावे, असे मला वाटते. वरिष्ठ मात्र म्हणतात, की विचारले तर भेटीतली गंमत जाते.

मंजिरी_का
ज्याला डबा उघडण्याआधी घटक वाचावे लागतात, त्याला अशा गंमतीचे फारसे अप्रूप नसते. विचाराच.

तराजू
माझे मत वरिष्ठांच्या बाजूने आहे. एखादी चांगली वस्तू ठेवावी, विचारू नये.