अनुभव धागा: ड्रोनमधून बीजगोळे सोडताना तोल कसा सांभाळलात?

गावामागच्या उजाड उतारावर बीजगोळे टाकायला आम्ही एफ४५० फ्रेमचं ड्रोन जुळवलं. वजन १४०० ग्रॅम. पोटाखाली मधोमध बॅटरी, म्हणून पिशवी सोडणारा सर्वो आणि गोळ्यांची २०० ग्रॅमची पिशवी १० सेंमी पुढे लावली. हवेत काही जाणवलं नाही, कंट्रोलर सावरून घेतो. उतरल्यावर पुढच्या मोटरी मागच्यांपेक्षा बऱ्याच गरम लागल्या. हिशेब केला: २०० गुणिले १०, भागिले १६००. नुसत्या पिशवीमुळे तोल सव्वा सेंमी पुढे गेला होता. तुम्ही काय केलंत?

सह्याद्रीपुत्र: सोपं आहे. पिशवी अडकवूनच तोल बघा आणि बॅटरी मागे सरकवा. माझं मस्त उडतं.

मोटरवाला: पिशवी सुटेपर्यंत उडेल मस्त. सुटल्यावर जवळपास तेवढाच तोल मागे जातो, ड्रोन नाक वर करून मागे सरकतं. आम्ही झाडाची फांदी गमावली, ड्रोनचे दोन पंखेही.

जे पडणार आहे ते बरोबर मध्याखाली हवं. मी बॅटरी वर नेली आणि पिशवीचा फास मधोमध आणला. सर्वो आणि पट्टी मिळून ४० ग्रॅम, ते मात्र ७ सेंमी पुढेच राहिले. तेवढ्यासाठी ४०० ग्रॅमची बॅटरी ७ मिमी मागे घेतली. मग रिकामं ड्रोन दोन बोटांवर तोललं, पिशवी लावून पुन्हा तोललं. दोन्ही वेळा आडवं राहिलं तरच उडवायचं.

फासाचा भार सर्वोच्या हातावर देऊ नका. दोन भोकांतून जाणारी गुळगुळीत पिन भार पेलते, सर्वो ती फक्त ओढतो.

नवशिकी_सातारा: माझंही पुढे झुकतं. कंपास पुन्हा कॅलिब्रेट करू का?

मोटरवाला: ताई, कंपास दिशा सांगतो, त्याचा तोलाशी संबंध नाही. लॉगमध्ये RCOU बघा, प्रत्येक मोटरीला जाणारा सिग्नल तिथे दिसतो. एक्स रचनेत C1 आणि C3 पुढच्या मोटरी, C2 आणि C4 मागच्या. वारा नसताना एका जागी तरंगतानाही पुढची जोडी सतत जास्त असेल, तर वजन पुढे आहे.

खाडीकाठ: माझी अडचण वेगळी. पिक्सहॉकला सर्वो जोडला, आर्डुपायलटमध्ये सेटिंगही केलं, पण हलेचना:

```
GRIP_ENABLE 1
GRIP_TYPE 1
SERVO9_FUNCTION 28
RC7_OPTION 19
```

दोन दिवसांनी कळलं, सर्वोच्या पिनांच्या रांगेला बोर्ड वीज देतच नाही. ५ व्होल्टचा वेगळा बीईसी लावला आणि चालला. सर्वो सतत गुणगुणत असेल तर तो कुठेतरी अडतोय, GRIP_GRAB आणि GRIP_RELEASE ही त्याच्या दोन टोकांची मूल्यं थोडी आत घ्या.

धागाकर्ता: बॅटरी वर नेली. मोटरी आता सारख्याच कोमट. पिशवी सुटताच ड्रोन हातभर वर उसळतं, ते राहिलंय.

मोटरवाला: भार कमी झाला की उसळणारच. उंची राखणाऱ्या ऑल्टहोल्ड मोडमध्ये लगेच सावरतं. मी पिशवी लांब दोरीला बांधून पाहिली, तर ती झोके घेऊन ड्रोनलाच हलवू लागली. आखूडच बरी.

सह्याद्रीपुत्र: आणि गोळे एकदम न टाकता एकेक टाकायचे असतील तर? दोन बाजूंना दोन पिशव्या ठेवल्या तर एक सुटल्यावर दुसरी ओढणारच ना?