संदर्भाला आकडा द्यावा की नाव आणि साल?

औषधशास्त्राचा विद्यार्थी, पणजी
वाक्यावाक्याला कंसात नाव आणि साल वाचून धाप लागते. वैद्यकातल्याप्रमाणे सगळ्यांनीच एक लहान आकडा देऊन मोकळे व्हावे. बाकीचे विभाग ही जुनाट सवय का सोडत नाहीत?

प्राणीशास्त्राची शिक्षिका, मडगाव
"जुनाट सवय" हे शब्द मला लागले, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या विषयात साल हा युक्तिवादाचाच भाग असतो. एकाच प्राण्याला दोघांनी दोन नावे दिली, तर सामान्यतः आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. महसीर माशाचे नाव Tor khudree (Sykes, 1839) असे लिहितात. त्यातले साल हे नाव केव्हाचे ते सांगते आणि कंस सांगतो की साइक्सने मासा दुसऱ्या प्रजातीत घातला होता, तो नंतर हलवला गेला. वाचता वाचता 1839 आणि 2019 यांतले अंतर डोळ्यांत भरते. [17] आणि [42] यांत ते दिसत नाही. कंसात नाव-साल देण्याची सुरुवात हार्वर्डचे प्राणीशास्त्रज्ञ मार्क यांच्या 1881 मधल्या गोगलगायीवरील निबंधाकडे नेतात, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

औषधशास्त्राचा विद्यार्थी
बाई, ते प्राण्याचे नाव झाले, संदर्भ नव्हे. माझ्या एका वाक्यामागे दहा चाचण्या असतात. मी [4–13] लिहितो. तुमच्या रीतीने तिथे तीन ओळी नावेच येतील आणि औषधाची मात्रा वाचणारा डॉक्टर वाक्याचे क्रियापद शोधत बसेल. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक 1978 मध्ये व्हँकुव्हरला जमले, ते हस्तलिखितांचे नियम एकसारखे करण्यासाठीच.

प्राणीशास्त्राची शिक्षिका
माशाचे नाव म्हणजे संदर्भ नव्हे, हे मान्य. दहा चाचण्यांचेही मान्य करते, नाइलाजाने. पण आकडा चुकला तर काय? मी तपासलेल्या एका प्रबंधात दोन प्रकरणे वेगवेगळ्या फायलींत लिहिली होती, दोन्हींत आकडे हाताने घातलेले, दोन्हींची सुरुवात 1 पासून. जोडताना दुसऱ्या प्रकरणाचे आकडे वाढवले, पण मध्ये एक संदर्भ नव्याने घातला गेला होता, तो कोणाच्या लक्षात आला नाही. तिथून पुढे प्रत्येक आकडा एकाने चुकला. खारफुटीच्या मातीविषयीच्या विधानाला कोळंबीच्या रोगावरचा निबंध आधार म्हणून उभा राहिला, आणि वाचताना काहीही खटकले नाही, कारण आकडा आकड्यासारखाच दिसतो. चुकीचे नाव असते, तर विषय जाणणारा तिथेच थांबला असता.

औषधशास्त्राचा विद्यार्थी
आकडे हाताने घालण्याचा दोष पद्धतीच्या माथी का मारता? सॉफ्टवेअर क्रम स्वतः बदलते.

इतिहास अभ्यासक, फोंडा
तुम्ही दोघेही फक्त निबंधांचा विचार करता. पणजीच्या उद्यानाला ज्याचे नाव आहे, त्या गार्सिया द ओर्ताचे उदाहरण घ्या. त्याचे औषधींवरील पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापले गेले. इंग्रजी वाचक मार्खमचे भाषांतर घेतो, ते 1913 चे. आता (ओर्ता 1913) लिहिले, की 1568 मध्ये वारलेला वैद्य विसाव्या शतकात बोलतो. (ओर्ता 1563/1913) लिहिल्याने साल सुधारते. तरी भाषांतरकार अदृश्यच राहतो. तळटिपेत मी दोन ओळींत सांगतो की शब्द मार्खमचे आहेत आणि पोर्तुगीज मूळ मी कुठल्या पानावर ताडून पाहिले. अभिलेखागारातल्या काही पत्रांवर तर लेखकाचे नावही नसते. तिथे तुम्ही कंसात काय घालणार?

ग्रंथालयात काम करणारी, म्हापसा
या ओर्तावरून आमच्याकडे नेहमी वाद होतो. त्याला सूचीत "ओ" खाली लावावे, "द" खाली की "ग" खाली? आकड्यांच्या सूचीत हा प्रश्नच उरत नाही. माझे स्वतःचे आडनाव नाईक आहे. गोव्यावरच्या एका सूचीत मला पाच नाईक सापडले, त्यांपैकी दोघांचे साल एकच होते आणि आद्याक्षरेही सारखी होती. 2012अ आणि 2012आ असे लावले. पुढे आणखी एक सापडला, त्याचे शीर्षक वर्णक्रमात आधी आले आणि मजकुरातली सगळी अक्षरे पुन्हा बदलावी लागली.

प्राणीशास्त्राची शिक्षिका
दोन वेगळ्या माणसांना अ-आ लावणे हीच चूक. ती अक्षरे एकाच लेखकाच्या एकाच वर्षातल्या लेखनासाठी असतात. इथे पूर्ण नाव द्यायला हवे होते.

ग्रंथालयात काम करणारी
पूर्ण नाव नियतकालिकाने छापलेच नव्हते, बाई. तिथे फक्त "एस. नाईक" होते. शिवाय त्यांतली एक व्यक्ती रोमन लिपीत कधी Naik तर कधी Naique लिहिते, म्हणून ती सूचीत दोन माणसे होऊन बसते. हे तुमच्या वर्गात शिकवत नाहीत.

इतिहास अभ्यासक
पोर्तुगीज आडनावांत शेवटचा शब्द धरण्याची रीत आहे, म्हणून ओर्ता "ओ" खालीच.

ग्रंथालयात काम करणारी
रीत आहे, पण माझ्या हातातल्या तीन ग्रंथांपैकी दोघांनी ती पाळलेली नाही. वाचक "ग" खाली शोधतो आणि पुस्तक नाही असे समजून परत जातो.

औषधशास्त्राचा विद्यार्थी
सगळ्यांनी आकडेच वापरावेत, हे मी मागे घेतो. अभिलेखागारातल्या पत्रांना माझ्याकडे उत्तर नाही. मात्र माझ्या प्रबंधात आकडेच राहतील.

प्राणीशास्त्राची शिक्षिका
राहू द्या. छापण्यापूर्वी कोणतेही वीस आकडे निवडून मूळ निबंध उघडून पाहा, सॉफ्टवेअरने लावलेले असले तरी.