मदत हवी आहे: आरओसी आलेखाच्या फोटोवरून कट-ऑफ कसा ठरवू?

शिबिरवाली
पुढच्या महिन्यात आमच्या आरोग्य केंद्राचं मधुमेह तपासणी शिबिर आहे. बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर साखर बघायची आणि ठरावीक आकड्याच्या वर असेल त्याला पक्क्या तपासणीला पाठवायचं. तो आकडा कुठला, इथे अडलंय.

ग्रंथालयात याच चाचणीवरचा एक प्रबंध सापडला. ४० मधुमेही, ६० मधुमेह नसलेले. झेरॉक्सची परवानगी नव्हती, म्हणून आलेखाचा मोबाइलवर फोटो काढला, तो एका बाजूने तिरपा आलाय. उभ्या अक्षावर Sensitivity, आडव्यावर 1 - Specificity. रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि दोन कोपरे ठळक दिसतात. प्रिंटवर पट्टी लावली तर आडवा अक्ष ११२ मिमी भरतो. पहिला कोपरा १३ मिमीवर, म्हणजे ०.१२. दुसरा ३८ वर, म्हणजे ०.३४. उंची मागच्या आडव्या रेघा धरून वाचली: ०.७० आणि ०.९०.

कुठला कोपरा घेऊ? आणि त्याचा mg/dl मधला आकडा कसा काढू?

गणोबा
सोपं आहे. उंचीतून आडवं अंतर वजा करा, जास्त येईल तो बिंदू घ्या. ०.५८ विरुद्ध ०.५६. पहिला घ्या.

कोडकर
आमच्या कर्जबुडव्यांच्या मॉडेलमध्ये आम्ही सरळ 0.5 ठेवतो, आजवर अडचण आली नाही. तुम्हीही मधला आकडा धरा.

शिबिरवाली
कोडकर, तुमचा 0.5 हा मॉडेलने दिलेल्या शक्यतेवरचा. माझ्याकडे साखरेचा आकडा आहे, त्याला असा मध्य नाही.

जुना रेसिडेंट
ताई, वजाबाकीच्या आधी फोटो सरळ करा. आडव्या अक्षावरची ०.५ ची खूण पट्टीवर कुठे येते?

शिबिरवाली
६१ मिमीवर. यायला हवी होती ५६ वर, नाही का?

जुना रेसिडेंट
तेच. उजवी बाजू कॅमेऱ्यापासून लांब होती, म्हणून तिकडचं अंतर आक्रसलंय आणि डावीकडचं फुगलंय. अशा फोटोत सरळ भागाकार चालत नाही. ०, ०.५ आणि १ या तिन्ही खुणा धरून हिशेब केला तर ३८ मिमी म्हणजे ०.३० येतं आणि १३ मिमी म्हणजे ०.१०.

पडताळाही तुमच्याच माहितीत आहे. मधुमेह नसलेले ६० आहेत, म्हणजे आडवी सरक ही नेहमी एकसाठांशाच्या पटीतच असणार. ०.३४ म्हणजे २०.४ माणसं, असं होऊच शकत नाही. ०.३० म्हणजे बरोबर १८, ०.१० म्हणजे ६. उंचीही जुळते: ४० पैकी २८ आणि ३६. तरी फोटोत चौकटीचे चारही कोपरे धरून आयत सरळ करून घ्या. पान शिवणीजवळ वळलेलं असेल तर मात्र चार कोपऱ्यांनी भागत नाही, पुन्हा सपाट धरूनच फोटो काढावा लागेल.

गणोबा
मग दोन्हीकडे ०.६०! बरोबरी झाली.

जुना रेसिडेंट
हो, आणि म्हणूनच ही वजाबाकी इथे उपयोगाची नाही. ती एक मधुमेही सुटण्याचा हिस्सा आणि एक निरोगी उगाच पाठवण्याचा हिस्सा सारख्याच वजनाचे धरते. ताई, तुमच्याकडे शंभरात किती मधुमेही निघतात?

शिबिरवाली
आधीच्या शिबिरांवरून साधारण आठ.

जुना रेसिडेंट
मग हजार माणसं धरा, ८० मधुमेही. पहिल्या कोपऱ्यावर ५६ सापडतील, २४ सुटतील आणि ९२ निरोगी उगाच पुढे जातील. दुसऱ्यावर ७२ सापडतील, फक्त ८ सुटतील, पण उगाच जाणारे २७६. म्हणजे १६ जास्त मधुमेही सापडण्यासाठी १८४ जास्त निरोगी. एका माणसामागे साडेअकरा. ही किंमत परवडते का, हे आलेख सांगणार नाही. तुमची लॅब आणि लोकांचे बुडणारे रोज बघून तुम्हीच ठरवायचं.

आता mg/dl. तो आकडा या आलेखात नाहीच. दोन्ही अक्षांवर प्रमाणं आहेत, साखर कुठेच नाही. उजवीकडच्या कोपऱ्याचा कट-ऑफ कमी, एवढंच कळतं. मधले आकडे अंदाजाने भरू नका, कारण एकाच पायरीत साखर दोननेही बदलते आणि वीसनेही. प्रबंध SPSS वर केलेला असेल तर परिशिष्टात Coordinates of the Curve नावाचा तक्ता बघा. Sensitivity ०.९०० आणि 1 - Specificity ०.३०० असलेली ओळ शोधा, डावीकडे कट-ऑफ असेल. तो १२८.५ असा अर्ध्यावर दिसला तर गोंधळू नका, लागोपाठच्या दोन मापांची ती सरासरी असते.

तालुक्याची परिचारिका
एक विचारू? प्रबंधातले लोक दवाखान्यात आलेले होते का? आमच्याकडे शिबिरात येणाऱ्यांची साखर नुकती वाढू लागलेली असते. दवाखान्यात येतात ते बहुतेक लघवी, अशक्तपणा सुरू झाल्यावर. तिथे ३६ सापडले म्हणून शिबिरात तेवढेच सापडतील?

जुना रेसिडेंट
नाही, बहुधा कमीच सापडतील. किती कमी, ते या ४० जणांवरून सांगता येणार नाही.

शिबिरवाली
बाह्यरुग्ण विभागातलेच होते, पहिल्या प्रकरणात लिहिलंय. सोमवारी जाऊन परिशिष्ट बघते, या वेळी पान सपाट धरून. २७६ जणांची पक्की तपासणी आमच्या लॅबला एका आठवड्यात झेपत नाही, दोन आठवड्यांत विभागली तर झेपेल. डॉक्टरांना तसं विचारते आणि मग तक्त्यातली ओळ इथे टाकते.