ड्रिलच्या हजेरीवर सह्या जास्त, माणसं कमी: यंदा काय करावं?

टॉवेल_अक्कलकोटरोड: आमचं टॉवेलचं युनिट आहे, माल बाहेरदेशी जातो. मागच्या वर्षी बायरच्या ऑडिटरने फायर ड्रिलचा कागद घेतला आणि शेजारी त्याच दिवसाचं मस्टर ठेवलं. ड्रिलच्या कागदावर ६१ सह्या, त्यातले ४ जण त्या दिवशी कामावरच नव्हते! शेरा बसला. यंदा सुपरवायझर म्हणतो, मस्टरवरून नावं छापून सह्या घेऊ. मी म्हणतो, सह्यांची भानगडच नको, अंगठ्याच्या मशीनचा रिपोर्ट लावू. कोण बरोबर?

रात्रपाळी_क्लार्क: तुम्ही बरोबर. मशीन खोटं बोलत नाही. आमच्याकडे दोन वर्षं रिपोर्टच लावतोय, कोणी बोललं नाही.

निवृत्त_सेफ्टीवाला: मशीन खोटं बोलत नाही, पण ते फक्त माणूस गेटातून आत आला एवढंच सांगतं. भोंगा वाजल्यावर तो मैदानात आला की नाही, हे त्याला काय माहीत? यात सुपरवायझरचं म्हणणं मला पटतं, फक्त कागद कधी छापला हे बघा. आदल्या दिवशी छापला की गैरहजर माणसाचं नाव येतं आणि शेजारचा त्याची सही ठोकतो. तुमचे ते ४ असेच आले असणार. पाळी सुरू झाल्यावर, पंचिंग उरकल्यावर छापा.

आमच्याकडचं एक ड्रिल सांगतो. पंचिंग ५७, गेटपासवर बाहेर २, म्हणजे आत ५५. भोंगा ११.१० ला. मैदानात मोजली तर ५१. चार ओळी कोऱ्या. मॅनेजर म्हणाले, "भरून टाका." मी नाही भरल्या. शोधलं तर चौघंही लूम शेडच्या मागच्या कोपऱ्यात माग चालवत होते. मागांच्या खडखडाटात भोंगा ऐकूच गेला नव्हता. तिथं लाल फिरता दिवा बसवला आणि तीन आठवड्यांनी त्याच शेडचं ड्रिल पुन्हा घेतलं. ऑडिटरने तेच पान सर्वांत जास्त वेळ बघितलं. कोरी ओळ, त्याखाली कारण, त्याखाली दिव्याचं बिल. दर वेळी शंभर टक्के हजेरी दिसली की त्याला उलट संशय येतो.

चाटीगल्ली: अहो एवढं कशाला? जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेतला की विषय मिटला. आमचं तसंच चाललंय.

निवृत्त_सेफ्टीवाला: तो यंत्रणा चालू स्थितीत आहे याचा दाखला, मालक. सिलिंडर, हायड्रंट ठीक आहेत एवढंच. तुमच्या माणसाला पिन ओढता येते का, ते त्यात नाही. प्रश्न हजेरीचा होता.

माग_मालक: मला एक सांगा, ५५ जण मैदानात उन्हात उभे करून एकेकाची सही घ्यायची म्हटल्यावर अर्धा तास माग बंद. सूताचा भाव कोण देणार? ड्रिल व्हायला पाहिजे, २०२५ च्या मे महिन्यात आपल्याच सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, ते विसरलेलो नाही. पण सह्यांसाठी ड्रिल, हे पटत नाही.

निवृत्त_सेफ्टीवाला: सही आधी नकोच. आधी मुकादमाने टोकन नंबर पुकारून मोजायचं आणि मोजणी संपल्याची वेळ लिहायची. मग माणसं आत जाताना दारात सही. सहीला पाच-सात मिनिटं जातील, मान्य.

शिलाई_खात्यातून: मी हेमिंगला आहे. आमच्यातल्या निम्म्या बायका घरी तेलुगू बोलतात. ट्रेनिंग हिंदीत झालं, कागद इंग्रजीत होता, अंगठे घेतले. ऑडिटवाल्या मॅडमनी एकीला विचारलं, "सिलिंडर कसा चालवायचा?" ती गप्प. कागदावर तिचा अंगठा होता. मग मॅडमनी सगळंच ट्रेनिंग खोडलं. आता अण्णा तेलुगूत सांगतात, आणि पिन कुणी ओढली त्यांच्या नावापुढे वेगळी खूण असते. दर वेळी सात-आठ जणींनाच जमतं, पण तेवढं तरी खरं लिहिलेलं असतं.

रात्रपाळी_क्लार्क: बरं, मैदानात कोण आलं ते मशीनला कळत नाही, मान्य. पण मैदानातच मशीन लावलं तर? वही कुणीही घरी नेऊन भरतो.

निवृत्त_सेफ्टीवाला: लावा की. पण वीज तोडून ड्रिल घेतलंत तर त्याची बॅटरी टिकते का, ते आधी बघा. वही ठेवणार असाल तर बांधलेली आणि पानावर नंबर असलेली. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही. व्हाइटनर दिसला की पुढची पानंही तो संशयाने वाचतो.

टॉवेल_अक्कलकोटरोड: मागच्या वर्षीचा कागद नवा करून ठेवावा का?

निवृत्त_सेफ्टीवाला: हात लावू नका. त्याची प्रत ऑडिटरकडे आहे.

टॉवेल_अक्कलकोटरोड: ठीक. सकाळी छापतो. पण रात्रपाळीचं काय करू? २२ माणसं, आणि माल चढवणारे हमाल ठेकेदाराचे, त्यांचं पंचिंगच नाही.

माग_मालक: रात्री दोनला भोंगा वाजवला तर शेजारच्या युनिटचे लोक धावत येतील. आमच्याकडे आलेत.

निवृत्त_सेफ्टीवाला: शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, पण रात्रीचं घ्याच. हमालांचं गेटवरच्या वहीत आत-बाहेर लिहून घ्या. ठेकेदार त्यावर सही करेल की नाही, ते तुमच्या त्याच्याशी असलेल्या संबंधावर. आमचा कधी करत नव्हता.